व्हेस्टिंगचे शेअर परत येतात कोणत्या वाटेने? एका संस्थापक कराराचा प्रकरण अभ्यास

संस्थापकांचे करार लिहिताना पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या अडचणी एकत्र करून हे नमुना प्रकरण मांडले आहे. कंपनी आणि माणसे कल्पित आहेत, आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत, कायदा मात्र जसा आहे तसाच आहे.

नाशिकमध्ये तिघांनी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. द्राक्षांच्या शीतगृहात तापमान आणि आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र आणि त्याची माहिती मोबाइलवर दाखवणारे अ‍ॅप, हा त्यांचा धंदा. एकाने कोड लिहिला होता, दुसरी बागायतदारांकडे आणि निर्यातदारांकडे विक्री पाहत होती, तिसरा हिशेब, खरेदी आणि जुळणी सांभाळत होता. ₹10 दर्शनी किमतीचे एकूण 10,000 शेअर होते: तंत्रज्ञाकडे 4,500, विक्रीवालीकडे 3,500 आणि हिशेबवाल्याकडे 2,000. पैसे तिघांनी रोख भरले होते.

कंपनी नोंदवण्याच्या तीन महिने आधीच त्यांनी एक फाउंडर्स अ‍ॅग्रीमेंट करून ठेवले होते. इंटरनेटवर मिळालेला अमेरिकी नमुना घेऊन त्यात नावे आणि आकडे भरले, ₹500 च्या मुद्रांकावर सह्या केल्या. पुढे सहाव्या महिन्यात एक गुंतवणूकदार 20 टक्क्यांसाठी ₹1 कोटी द्यायला तयार झाला. त्याच्या वकिलांनी कागद मागवले आणि दोन कलमांवर बोट ठेवले. पहिले असे होते: संस्थापक चार वर्षांच्या आत गेला तर न पिकलेले, म्हणजे व्हेस्टिंगच्या ठरलेल्या काळात काम करून अजून कमावून न झालेले, शेअर कंपनी दर्शनी किमतीला परत विकत घेईल. दुसरे असे: संस्थापकांनी केलेले सर्व काम 'वर्क मेड फॉर हायर' समजले जाईल आणि कंपनीच्या मालकीचे असेल. शिवाय 83(बी) नावाचा अर्ज 30 दिवसांत भरण्याचीही तंबी होती. तो अमेरिकी प्राप्तिकर कायद्यातला अर्ज आहे, इथे त्याचा काही संबंध नाही, तेव्हा तो परिच्छेद नुसता काढून टाकला. पहिली दोन कलमे मात्र काढून भागत नव्हते, कारण त्यांतला हेतू योग्यच होता. तो हेतू आपल्या कायद्यात पार पडेल अशा शब्दांत उतरवायचा होता.

शेअर परत घेणार कोण?

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कंपनीला स्वतःचे शेअर परत विकत घेणे तुलनेने सोपे असते, म्हणून तिथल्या नमुन्यात 'कंपनी परत घेईल' असे एका ओळीत लिहून टाकता येते. आपल्याकडे कंपनी कायदा 2013 चे कलम 67 सांगते की भांडवल कायदेशीर मार्गाने कमी केल्याशिवाय कंपनीला स्वतःचे शेअर विकत घेता येत नाहीत. बायबॅकचा रस्ता कलम 68 मध्ये आहे, पण तो या कामाचा नाही. तिथे पैसे मुक्त राखीव निधी, शेअर प्रीमियम किंवा वेगळ्या प्रकारच्या शेअरच्या विक्रीतूनच द्यावे लागतात, 25 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मुख्य म्हणजे कंपनीने सगळ्या भागधारकांना प्रमाणशीर प्रस्ताव द्यायचा असतो. अपवाद आहे तो ईसॉप या कर्मचाऱ्यांच्या शेअर योजनेतून किंवा स्वेट इक्विटीतून, म्हणजे कौशल्याच्या मोबदल्यात, मिळालेल्या शेअरचा. स्थापनेच्या वेळी रोख देऊन घेतलेले शेअर त्यात बसत नाहीत. म्हणजे 'फक्त या एकाचेच शेअर घ्या' असे कंपनीला सांगताच येत नाही. कलम 66 खाली एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊन भांडवल कमी करता येते, पण काही हजारांच्या शेअरसाठी तो खर्च आणि तेवढे महिने कोणी घालवणार नाही.

म्हणून करार नव्याने लिहिणाऱ्या आम्ही वकिलांनी खरेदीदार बदलला. न पिकलेले शेअर कंपनीऐवजी उरलेल्या संस्थापकांनी, त्यांच्या हिश्शाच्या प्रमाणात, घ्यायचे. त्यांनी ठरलेल्या मुदतीत घेतले नाहीत तर संचालक मंडळ नाव सुचवेल त्या व्यक्तीला ते द्यायचे. कंपनी इथे पैसे देत नाही, फक्त हस्तांतराची नोंद करते, त्यामुळे कलम 67 आणि 68 आडवे येत नाहीत.

पण एवढ्यानेही भागत नाही. व्ही. बी. रंगराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले की शेअर हस्तांतरावरचे जे बंधन आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, नाही ते कंपनीवर बंधनकारक नाही, भागधारकांवरही नाही, जरी त्यांनी आपसात करार केला असला तरी. या कंपनीने नोंदणीच्या वेळी कंपनी कायद्यातल्या तक्ता 'एफ'चे तयार आर्टिकल्स जसेच्या तसे घेतले होते आणि त्यात व्हेस्टिंगचा शब्दही नव्हता. तेव्हा विशेष ठराव करून आर्टिकल्स बदलले, कंपनी निबंधकाकडे एमजीटी-14 अर्ज 30 दिवसांत भरला, आणि करारातले हस्तांतराचे संपूर्ण कलम, वेळापत्रकासह, आर्टिकल्समध्ये घातले. 'करारानुसार' असा नुसता उल्लेख केला नाही. माझ्या मते ही एक पायरी चुकली की व्हेस्टिंगचे बाकी सगळे कलमलेखन कागदावरच राहते. कंपनी जुनी असो वा नवी, पहिल्यांदा तिचे आर्टिकल्स उघडून पाहावेत.

पुढचा प्रश्न सहीचा. जाणारा माणूस रागाने गेला आणि एसएच-4 या हस्तांतर पत्रावर सही करायला नकार दिला तर? काही जण पहिल्याच दिवशी तारीख न घातलेल्या एसएच-4 वर सह्या घेऊन ठेवतात. मला ते पटत नाही. हस्तांतर पत्र मुद्रांकित, तारखेसह आणि सही झाल्यापासून 60 दिवसांत कंपनीकडे पोचले पाहिजे असे कलम 56 म्हणते. चार वर्षे कपाटात पडलेला कोरा फॉर्म नंतर तारीख घालून वापरला की वाद ओढवून घेणे आलेच. त्याऐवजी प्रत्येक संस्थापकाकडून उरलेल्यांच्या नावे कुलमुखत्यारपत्र घेतले. खरेदी करणाऱ्यांचा त्या शेअरमध्ये करारातूनच हितसंबंध तयार होतो, त्यामुळे भारतीय करार कायद्याच्या कलम 202 प्रमाणे ते मनमानीने रद्द करता येत नाही. शेअर डीमॅटमध्ये गेले तर त्या खात्यासाठी वेगळी अधिकारपत्रे लागतील, तेही करारात लिहिले.

वेळापत्रक आणि तंत्रज्ञाचा आक्षेप

वेळापत्रक नेहमीचेच ठेवले: 48 महिने, पहिल्या 12 महिन्यांचा क्लिफ, म्हणजे वर्षाच्या आत गेला तर काहीच पिकले नाही, वर्ष पूर्ण झाले की एकदम 25 टक्के आणि मग दर महिन्याला अठ्ठेचाळिसावा भाग. मोजणी सुरू होण्याची तारीख कंपनी नोंदणीची धरली, करारावरच्या सहीची नाही. अपूर्णांक खालच्या पूर्ण शेअरपर्यंत धरायचा आणि उरलेले शेवटच्या महिन्यात द्यायचे, ही ओळही घातली. 2,000 ला 48 ने भागले की 41.67 येतात आणि दोन बाजू दोन वेगळे आकडे घेऊन भांडत बसतात.

खरी चर्चा तंत्रज्ञाशी झाली. तो म्हणाला, "मॅडम, कोड मी आजच कंपनीच्या नावावर करायचा, आणि शेअर मात्र चार वर्षांत कमवायचे? उद्या या दोघांनी मिळून मला काढलं तर माझ्या हातात काय?" त्याचे म्हणणे होते की आपल्याला काढून टाकले तर कोडही आपल्याकडे परत यावा.

ती भीती खोटी नव्हती. इतर दोघांकडे मिळून 55 टक्के होते आणि मंडळावर दोन मते. पण कोड परत जाण्याची अट कोणताही गुंतवणूकदार मान्य करणार नाही, कारण मग कंपनीची एकमेव मालमत्ता एका भांडणावर अवलंबून राहते. बौद्धिक संपदा देणे आणि शेअर पिकणे हे दोन व्यवहार वेगळे ठेवले पाहिजेत, यावर आम्ही ठाम राहिलो. त्याच्या भीतीचे उत्तर शेअरच्या बाजूने दिले. नोंदणीपूर्वीच्या वर्षभराच्या कामाबद्दल त्याचे 25 टक्के, म्हणजे 1,125 शेअर, पहिल्याच दिवशी पिकलेले धरले. उरलेले 3,375 पुढच्या 36 महिन्यांत, क्लिफ नाही. आणि सबळ कारण नसताना त्याला काढले तर पुढच्या 12 महिन्यांचे आणखी 1,125 एकदम पिकतील.

'सबळ कारण' या शब्दांवर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला. जुन्या नमुन्यात 'कराराचा कोणताही भंग' एवढेच होते. एक मासिक अहवाल उशिरा दिला तरी तो भंग ठरतो आणि माणूस 'वाईट रीतीने गेलेला' होतो. आम्ही ते चार गोष्टींपुरते ठेवले: फसवणूक किंवा पैशांचा अपहार, कंपनीशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरणे, गोपनीयतेचा किंवा बौद्धिक संपदेच्या कलमाचा जाणूनबुजून भंग, आणि लेखी नोटीस देऊन 30 दिवसांची संधी मिळाल्यावरही पूर्णवेळ काम न करणे. ज्याच्याविरुद्ध आरोप आहे त्याला त्या ठरावावर मत नाही. पिकलेले शेअरही हिसकावून घेण्याची तरतूद गुंतवणूकदाराला हवी होती. ती फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीपुरती मान्य केली. पिकलेले म्हणजे कमावलेले. साध्या राजीनाम्यावर ते काढून घेणे मला अन्यायाचे वाटते, आणि दंड म्हणून ते कोर्टात टिकेलच याचीही खात्री नाही.

कोड कोणाचा?

'वर्क मेड फॉर हायर' ही अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातली संकल्पना आहे. आपल्याकडे कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे नोकरीच्या करारात, नोकरीचे काम म्हणून केलेली कृती मालकाची होते. संस्थापक हा भागधारक असतो, संचालक असतो, पण कंपनीशी नोकरीचा करार नसेल तर तो या कलमात बसत नाही. बाहेरचा फ्रीलान्सर तर मुळीच नाही. त्यात त्यांचा करार झाला तेव्हा कंपनी जन्मलीच नव्हती. अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या नावे केलेला कागद नंतर स्वीकारून घेण्याचे मार्ग आहेत, पण मालकीसारख्या विषयात त्यावर विसंबण्यापेक्षा नवा हस्तांतर लेख करणे सोपे आणि पक्के.

त्याआधी कोडचा इतिहास तपासला. हे काम वकिलानेही स्वतः पाहावे असे मला वाटते. तंत्रज्ञाला कोड साठवलेल्या गिट भांडारात ही आज्ञा चालवायला सांगितली:

```
git shortlog -sne --all
```

यात प्रत्येक लेखकाचे नाव, ईमेल आणि कमिटची, म्हणजे त्याने नोंदवलेल्या बदलांची, संख्या येते. तीन ओळी आल्या. एक त्याच्या वैयक्तिक ईमेलची. दुसरी त्याच्या आधीच्या नोकरीतल्या ईमेलची: पहिले सहा महिने तो एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि लॅपटॉपवरच्या सेटिंगमुळे काही कमिट त्या पत्त्याने पडले होते. तिसरी ओळ एका अनोळखी नावाची. तो अ‍ॅपचे पडदे करून देणारा फ्रीलान्सर निघाला. त्याचे बिल चुकते झाले होते, पण करार काहीच नव्हता. म्हणजे पैसे देऊनही अ‍ॅपच्या त्या भागाचा कॉपीराइट त्याच्याकडेच होता.

फ्रीलान्सरचे काम थोडक्यात झाले. थोडी जास्तीची रक्कम देऊन त्याच्याकडून हस्तांतर लेख घेतला. जुन्या नोकरीचा प्रश्न अवघड होता. त्या नेमणूकपत्रात नोकरीच्या काळात मालकाच्या व्यवसायाशी संबंधित केलेले सर्व काम मालकाचे, असे कलम होते. ती कंपनी बँकांसाठी सॉफ्टवेअर करत होती, शीतगृहाशी तिचा संबंध नव्हता, तरी कंपनीच्या लॅपटॉपवर आणि तिच्या ईमेलने केलेले कमिट ही शंका घ्यायला पुरेशी जागा होती. आम्ही ना-हरकत पत्र मागितले. ते येईना, तेव्हा त्या कमिटमधून आलेल्या दोन फायली तंत्रज्ञाने नव्याने, जुना कोड न पाहता लिहिल्या आणि जुन्या प्रकाशनातून काढल्या. कमिटवरच्या तारखा बदलता येतात, म्हणून 'मी रात्री लिहिला होता' याला त्या इतिहासाचा पुरावा पुरत नाही. शंकास्पद भाग काढणेच शहाणपणाचे.

मग हस्तांतराचे मुख्य वाक्य. जुन्या करारात 'संस्थापक आपले हक्क कंपनीकडे वर्ग करण्याचे मान्य करतात' असे होते. हे भविष्यातले वचन आहे, आज झालेले हस्तांतर नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि रॉश यांच्या वादात अगदी हाच फरक महागात पडला: विद्यापीठाच्या कागदात 'वर्ग करण्याचे मान्य' होते, समोरच्याच्या कागदात 'याद्वारे वर्ग करतो'. आमचे वाक्य असे झाले:

> लिहून देणार परिशिष्ट 'अ'मधील सर्व कृतींमधील कॉपीराइट, त्याच्या संपूर्ण कायदेशीर मुदतीसाठी व जगभरासाठी, याद्वारे कंपनीकडे कायमचा वर्ग करीत आहे. कंपनीने हे हक्क कोणत्याही काळात न वापरले तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम 19(4) मुळे हस्तांतर संपुष्टात येणार नाही.

यातला प्रत्येक तुकडा कलम 19 साठी आहे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळे काही म्हटले नसेल तर एक वर्ष न वापरलेल्या हक्काचे हस्तांतर संपले असे मानतो. सुरुवातीच्या कंपनीत अर्धा कोड वर्षभर पडून असतो, त्यामुळे ही शेवटची तरतूद सर्वात घातक आहे आणि परदेशी नमुन्यात तिची चाहूलही नसते.

कोणती कृती हे कायद्याला ओळखता आले पाहिजे, म्हणून परिशिष्टात 'सर्व सॉफ्टवेअर' असे मोघम लिहिले नाही. भांडाराचे नाव आणि सहीच्या दिवशी `git rev-parse HEAD` ने आलेला, कोडची ती नेमकी आवृत्ती ओळखणारा हॅश, सर्किट बोर्डच्या आराखड्याच्या फायली, अ‍ॅपचे पडदे, बोधचिन्ह हे एकेक करून लिहिले. डोमेन नाव विक्रीवालीच्या वैयक्तिक खात्यावर होते, ते कंपनीच्या खात्यावर प्रत्यक्ष हलवले. पुढे लिहिल्या जाणाऱ्या कोडसाठी तिघांशी वेगळे नोकरीचे करार केले, म्हणजे तो कलम 17 प्रमाणे आपोआप कंपनीचा. आविष्कारांसाठी मात्र पेटंट कायद्यात मालकाला असा आपोआप हक्क नाही, म्हणून तिथे लेखी हस्तांतराची वेगळी अट घातली.

मोबदल्याबद्दल एक गोष्ट सहज निसटते. 'मला शेअर मिळाले, तोच मोबदला' असे लिहायची सवय असते. इथे शेअर रोख रकमेसाठी दिल्याची नोंद होती, तेव्हा तेच शेअर कोडचा मोबदला म्हणून दाखवले तर कागद एकमेकांना खोटे पाडतात. छोटी, पण खरोखर दिलेली रक्कम लिहिली. करार कायद्यात मोबदला पुरेसा असायलाच हवा असे नाही. मुद्रांकाबाबत ₹500 वर सगळे उरकले नाही, शुल्क किती हे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून ठरवून घेतले, कारण कमी मुद्रांकाचा कागद दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. आणि नोकरी सोडल्यावर स्पर्धक धंदा करू नये, हे कलम गाळले. करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते टिकत नाही.

अठराव्या महिन्यात

दहाव्या महिन्यात ₹4,000 दराने 2,500 नवे शेअर निघाले आणि ₹1 कोटी आले. एकूण शेअर झाले 12,500. अठरा महिने पूर्ण झाल्यावर हिशेबवाल्याने घरच्या कारणाने राजीनामा दिला. त्याचे 2,000 पैकी अठरा अठ्ठेचाळीसांश, म्हणजे 750 पिकले होते. 1,250 द्यायचे होते, दर्शनी किमतीला, ₹12,500 मध्ये. 4,500 आणि 3,500 या प्रमाणात तंत्रज्ञाच्या वाट्याला 703 आणि विक्रीवालीच्या वाट्याला 547 येत होते. सही, नोंद, सगळे दहा दिवसांत झाले. भांडण नव्हतेच.

अडचण आली ती प्राप्तिकराची. त्या दिवशी कंपनीच्या ताळेबंदातली निव्वळ मालमत्ता ₹50 लाख होती, म्हणजे नियमातल्या पुस्तकी मूल्याच्या पद्धतीने एका शेअरचे मूल्य ₹400. प्राप्तिकर कायदा 1961 च्या कलम 56 मध्ये, ₹50,000 पेक्षा जास्त फरकाने स्वस्तात शेअर मिळाले तर तो फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरला जातो. तंत्रज्ञाच्या नावे ₹2,74,170 आणि विक्रीवालीच्या नावे ₹2,13,330 असे उत्पन्न उभे राहत होते. दोघांनाही एक रुपया हातात येणार नव्हता. दुसरीकडे कलम 50सीए देणाऱ्यालाही सोडत नाही: त्याला ₹400 दरानेच विकले असे मानून ₹4,87,500 चा भांडवली नफा, आणि शेअर 24 महिन्यांपेक्षा कमी काळ ठेवलेले असल्याने तो अल्पकालीन. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, तेव्हा आज करार लिहिताना क्रमांक तपासून घालावेत.

हाच माणूस गुंतवणूक येण्यापूर्वी गेला असता तर पुस्तकी मूल्य शून्याच्या आसपास होते आणि कर जवळपास लागला नसता. असाच हिशेब आम्ही आठव्या महिन्यात तिघांसमोर मांडला होता, म्हणून करारात तरतूद होती: देणाऱ्याला न मिळालेल्या रकमेवर जो कर बसेल तेवढी भरपाई शेअर घेणारे त्याला देतील, सनदी लेखापालाच्या दाखल्यावर, कर भरण्याच्या तारखेआधी. घेणाऱ्यांचा कर ज्याचा त्याने भरायचा. तेवढा भार नको असेल तर आपल्या वाट्याचे शेअर न घेण्याची आणि मंडळाने सुचवलेल्या व्यक्तीकडे ते जाऊ देण्याची मुभा त्यांना होती.

विक्रीवालीने ती मुभा वापरली. तिच्या वाट्याचे 547 शेअर गुंतवणूकदाराने ₹400 दराने घेतले. तेवढ्या शेअरपुरता कराचा प्रश्न मिटला, आणि करारातल्या अटीप्रमाणे दर्शनी किमतीवरचे ₹390 प्रत्येकी, एकूण ₹2,13,330, जाणाऱ्या संस्थापकालाच मिळाले. तंत्रज्ञाने आपले 703 घेतले आणि कर भरला. हिशेबवाल्याकडे 750 शेअर राहिले, 12,500 मधले 6 टक्के, मताच्या आणि लाभांशाच्या हक्कासह.